लातूरहून मुंबईला स्लाइड दाखवायची: स्कॅनर, सर्व्हर आणि केआय-67 च्या नोंदी

10 जून

स्लाइड स्कॅनर आला. चार स्लाइडचा ट्रे असलेला टेबलावरचा, विकत नाही घेतला, सहा महिन्यांच्या भाड्यावर घेतलाय. विकत घ्यायची किंमत ऐकून ट्रस्टी मंडळी गप्पच झाली होती. मी लॅबचा टेक्निशियन आणि कॉम्प्युटरचं जे काही बिघडेल ते बघणारा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाला असंच काही उभं करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय.

गरज कशातून निघाली ते आधी. आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट एकच, मॅडम. ब्रेस्टच्या बायोप्सीत अडलं की पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात ब्लॉक आणि स्लाइड देऊन मुंबईला पाठवायचं, तो रात्रीच्या गाडीने जाणार, तिथे नंबर लावणार, रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस. कधी काच फुटून पोचते. तिथले एक ब्रेस्ट पॅथॉलॉजीचे सर मॅडमच्या ओळखीचे, ते म्हणाले तुम्ही स्क्रीनवर दाखवू शकलात तर मी त्याच दिवशी मत देतो.

आता कोणी म्हणेल फोटो पाठवा की. फोटो पाठवून मत घेणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांच्यात वीसेक वर्षांपूर्वीच ते चालू होतं, पहिल्या 100 केसेसचा आढावा 2004 मध्ये छापूनही आलाय. पण त्यात कुठल्या जागेचा फोटो काढायचा हे पाठवणारा ठरवतो, आणि ज्याला शंका आहे त्यालाच नेमकी जागा निवडायला लावलं की शंकाही त्याचीच जाते. अख्खी स्लाइड स्कॅन केली की समोरचा स्वतः फिरून बघतो. हा फरक किती मोठा आहे ते पुढे 24 जुलैच्या नोंदीत आहे.

12 जून

पहिला ट्रे लावला आणि दुसऱ्याच स्लाइडला मशीन अडकलं. कंपनीच्या इंजिनिअरने फोनवर सेन्सर खराब असेल म्हणून सांगितलं, सेन्सर व्यवस्थित होता. कव्हरस्लिप चिकटवायचं डीपीएक्स ओलं होतं. मायक्रोस्कोपखाली ओली स्लाइड चालून जाते, आपण हाताने ठेवतो हाताने उचलतो, पण इथे क्लिपमध्ये बसते आणि कडेने बाहेर आलेलं डीपीएक्स क्लिपला चिकटतं.

मग सगळ्या स्लाइड घेऊन बसलो. कव्हरस्लिप कडेबाहेर आलेल्या, कोपरा उडालेल्या, कागदी लेबल दोन मिलिमीटर बाहेर लोंबणाऱ्या, मॅडमनी मार्करने ठिपके दिलेल्या. यातली प्रत्येक गोष्ट स्कॅनरला नडते. आता नियम असा की माउंट केल्यावर रात्रभर 37 डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये, सकाळी कडेचं डीपीएक्स ब्लेडने काढायचं, झायलीनच्या अगदी ओलसर बोळ्याने कड पुसायची, मग स्पिरिटने दोन्ही बाजू. मार्करचे ठिपके स्कॅनच्या आधी पुसायचे, मॅडमना आवडलं नाही पण ठिपक्याचं कारण खालच्या नोंदीत येईल.

याचा अर्थ त्याच दिवशी कापलेली स्लाइड त्याच दिवशी स्कॅन होत नाही. सरांनी "त्याच दिवशी" म्हटलं होतं ते इथेच एक दिवसाने पुढे गेलं.

17 जून

स्कॅन होतायत, थंबनेलमध्ये छान दिसतायत, आणि मॅडम झूम करून म्हणतात, "अरे हे काय, इथे न्यूक्लियसच दिसत नाहीये." मधोमध उभा पट्टा पूर्ण धूसर.

स्कॅनर प्रत्येक फ्रेमला थांबून फोकस करत बसत नाही, वेळ जातो. तो टिश्यूवर काही बिंदू घेतो, तिथे फोकसची उंची मोजतो आणि मधल्या जागेचा अंदाज बांधतो. आता त्यातला एक बिंदू सेक्शनच्या घडीवर पडला, किंवा कव्हरस्लिपच्या वर पडलेल्या धुळीवर, किंवा मार्करच्या ठिपक्यावर (तो तर काचेच्या वरच्या पृष्ठभागावर असतो), की तिथली उंची चुकते आणि आजूबाजूचा सगळा भाग ओढला जातो. 40x ला ज्या जाडीत चित्र स्पष्ट दिसतं ती जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास. आमचे सेक्शन म्हणायला 4 मायक्रॉनचे, पण सेक्शन कापणाऱ्या काकांनी मायक्रोटोमचं ब्लेड बदललं नसेल त्या दिवशी पाच-सहाचे निघतात, एकाच सेक्शनमध्ये जाड-बारीक पट्टे पडतात. मायक्रोस्कोपवर मॅडमचा हात फाइन फोकसवर असतो म्हणून हे कधी कळलंच नव्हतं, डोळा आणि बोट मिळून आपोआप सावरून घेतात. स्कॅनरने एकदाच एका पातळीवर चित्र घेतलं, संपलं.

उपाय दोन. कोअर बायोप्सीला, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यांना, फोकसचे बिंदू आपोआप फार कमी पडतात कारण टिश्यूच बारीक, तर ते हाताने वाढवायचे, प्रत्येक कोअरवर दोन्ही टोकं आणि मध्य. आणि स्कॅन झाल्यावर थंबनेल बघून पुढे न जाता पूर्ण झूमवर पाच जागा बघायच्या. तपासायला स्लाइडमागे मिनिटभर लागतं. स्कॅनिंगचा वेग कंपनीने सांगितला तेवढाच आहे, पण पुसणं, लावणं, तपासणं, परत स्कॅन करणं धरलं तर एका स्लाइडला माझी दहा मिनिटं जातात.

ब्लेडचं काकांशी बोलणं झालं. ते आधी रागावले, "तीस वर्षं कापतोय मी." मग त्यांनाच स्क्रीनवर पट्टे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून ब्रेस्टच्या कोअरला नवीन ब्लेड.

20 जून

ही सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणून वेगळी लिहितोय.

स्कॅनर आधी कमी मोठेपणाचा एक आढावा फोटो घेतो आणि त्यात टिश्यू कुठे आहे ते रंगावरून ओळखून तेवढाच भाग स्कॅन करतो. ब्रेस्टच्या कोअरमध्ये चरबी भरपूर असते, चरबी नेहमीच्या एच अँड ई रंगात जवळजवळ रंगतच नाही. एका केसमध्ये ग्रॉसिंगच्या रजिस्टरला चार तुकडे, स्लाइडवर चार, स्क्रीनवर तीन. चौथा जवळपास सगळा चरबीचा होता म्हणून मशीनने काच समजून सोडून दिला. त्या चौथ्याच्या टोकाला ट्यूमर नव्हता, पण असता तर?

स्क्रीनवर बघणाऱ्याला काय राहिलंय ते कधीच कळणार नाही, त्याच्या दृष्टीने जे दिसतं तेवढीच स्लाइड. म्हणून आता प्रत्येक स्कॅननंतर रजिस्टरमधले तुकडे, काचेवरचे तुकडे आणि स्क्रीनवरचे तुकडे मोजून तिन्ही आकडे एका ओळीत लिहितो. जुळले नाहीत तर चौकट हाताने आखून परत स्कॅन. कोअरसाठी तर आता ऑटोमॅटिक टिश्यू शोधणं बंदच करून टाकलंय, कव्हरस्लिपखालचं सगळं स्कॅन होतं, फाइल मोठी होते, होऊ दे.

25 जून

फाइल. 40x म्हणजे साधारण एका पिक्सेलला 0.25 मायक्रॉन. 15 मिलिमीटर बाय 15 मिलिमीटर टिश्यू म्हणजे 60,000 बाय 60,000 पिक्सेल, 360 कोटी. कॉम्प्रेस न करता 10 जीबीच्या वर, जेपेग करून आमच्याकडे 600 ते 900 एमबी होतात. आमची लाइन दुपारी अपलोडला 8 एमबीपीएस देते, म्हणजे 700 एमबीला बारा मिनिटं. एका केसला सहा स्लाइड धरा.

सरांना मात्र एवढं काही डाउनलोड करावं लागत नाही. फाइलमध्ये तेच चित्र वेगवेगळ्या आकारांत एकावर एक रचलेलं असतं आणि प्रत्येक आकाराचे छोटे चौकोन केलेले असतात. ते जिथे बघतायत तिथलेच तेवढे चौकोन जातात, एका स्क्रीनला पन्नासेक, एकूण एक एमबीच्या आतबाहेर. म्हणजे अपलोडचा भार आमच्यावर, बघणाऱ्याला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चालतं.

पहिली पद्धत फसली. `vips dzsave` ने स्लाइडचे चौकोन आधीच कापून फोल्डर अपलोड करायचं ठरवलं होतं. 60,000 च्या चित्राचे सत्तर हजारांवर फाइली होतात! सर्व्हरवर कॉपी करायला लावलं आणि आकाराने तेवढंच असूनही ते संपेचना, कारण प्रत्येक बारीक फाइलची वेगळी उघडझाप. अख्खी संध्याकाळ गेली एका स्लाइडला. आता फाइल एकच ठेवतो आणि सर्व्हरवर ओपनस्लाइडच्या पायथन उदाहरणांतला `deepzoom_multiserver.py` मागेल तो चौकोन त्या क्षणी कापून देतो. पुढे एनजिनएक्स, एचटीटीपीएस आणि पासवर्ड. हे उदाहरण जसंच्या तसं उघड्यावर ठेवू नका, त्याला स्वतःचं कुलूप काहीही नाही. सर्व्हर मुंबईतल्या डेटासेंटरचा घेतला, आधी स्वस्तातला परदेशातला घेतला होता, त्यावर प्रत्येक हलवण्याला चित्र अर्धा सेकंद उशिरा भरायचं, सर म्हणाले डोकं गरगरतं.

28 जून

चाचणीसाठी एकाच स्लाइडचा `deepzoom_server.py` चालवून बघत होतो, पानावर मुख्य चित्राबरोबर खाली `label` आणि `macro` अशा दोन लिंक. उघडलं तर लेबलचा फोटो, त्यावर पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि आमचा नंबर, काकांच्या अक्षरात.

फाइलचं नाव बदललं की ओळख गेली असं आम्ही धरून चाललो होतो. स्कॅनर लेबलचा आणि अख्ख्या काचेचा फोटो फाइलच्या पोटात ठेवतो, फाइल जिथे जाईल तिथे नाव जातं. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक फाइल आधी नवीन टिफमध्ये बदलतो, त्यात फक्त मुख्य चित्र उतरतं:

```
vips flatten in.svs "BX-017.tif[tile,pyramid,compression=jpeg,Q=90,tile-width=512,tile-height=512,bigtiff]" --background "255 255 255"
```

`flatten` आणि पांढरा बॅकग्राउंड गाळू नका. स्कॅन न झालेली जागा मूळ फाइलमध्ये पारदर्शक असते, ती नाहीतर काळी उतरते. बदललेली फाइल परत उघडून लेबल खरंच गेलंय ना ते डोळ्यांनी बघतो. कोड आणि खरा नंबर यांची जुळणी मॅडमच्या कपाटातल्या वहीत, कॉम्प्युटरवर नाही. मूळ फाइल लॅबच्याच डिस्कवर राहते, दोन डिस्क, एकीची कॉपी दुसरीवर.

4 जुलै

सरांनी पहिल्याच फोनवर अट घातली होती: "आधी मॅडमनी स्वतःचं स्वतःशी जुळवून बघायचं." अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्टची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2013 ची आणि 2021 ला सुधारलेली. किमान 60 केसेस, एकाच डॉक्टरने काचेवर आणि स्क्रीनवर वाचायच्या, दोन्हींत किमान दोन आठवड्यांचं अंतर म्हणजे आठवणीने उत्तर येत नाही, आणि जुळणी 95 टक्क्यांच्या खाली गेली तर कारण शोधायचं. ईआर-पीआर, केआय-67 चे खास स्टेन, म्हणजे आयएचसीसारखा वेगळा वापर असेल तर त्याच्या आणखी 20.

कपाटातून जुन्या केसेस काढल्या, सोप्या-सोप्या न घेता रोज येतात तशा मिसळून. मॅडम आजपासून काचेवर वाचतायत. जुना रिपोर्ट झाकलेला.

11 जुलै

दरम्यान केआय-67, म्हणजे किती टक्के पेशी विभागतायत त्याचा आकडा, मोजायला क्यूपाथ हे सॉफ्टवेअर बसवलं. फुकट आहे, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत सुरू झालेलं, लॅपटॉपवर चालतं. मॅडमचं म्हणणं, ईआर-पीआर नजरेने सांगता येतं पण केआय-67 ला "साधारण वीस टक्के" म्हणताना त्यांना स्वतःलाच पटत नाही.

पहिल्या फाइलवर पेशी शोधायला लावलं, शून्य पेशी. सेटिंग्ज वरखाली केली, शून्यच. ही फाइल स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधल्या एक्सपोर्टच्या बटणाने काढलेली होती आणि त्यात खऱ्या मापाऐवजी 72 डीपीआय लिहिलेलं. म्हणजे एक पिक्सेल 353 मायक्रॉनचा! प्रोग्रॅम न्यूक्लियसचा आकार मायक्रॉनमध्ये शोधतो, त्याच्या हिशेबाने एकेक पिक्सेलच न्यूक्लियसपेक्षा कितीतरी मोठा. `Image` टॅबमध्ये `Pixel width` आणि `Pixel height` ला 0.25 घातलं, लगेच पेशी आल्या. शून्य आलं म्हणून निदान कळलं तरी. 0.25 च्या जागी 0.5 पडलं असतं तर काहीतरी आकडा आला असता आणि कुणी प्रश्नही विचारला नसता. आता प्रत्येक फाइल उघडली की आधी हा आकडा बघतो.

15 जुलै

एक केस सविस्तर. 52 वर्षांच्या बाई, कोअर बायोप्सी, ईआर पॉझिटिव्ह, हर-2 निगेटिव्ह. केआय-67 ची स्लाइड. चित्राचा प्रकार `Brightfield (H-DAB)`, सगळ्या कोअरभोवती चौकट आखून `Positive cell detection`, सेटिंग्ज होती तीच. उत्तर: 6,240 पेशी, त्यात 1,870 पॉझिटिव्ह, 30 टक्के.

मॅडमनी मायक्रोस्कोपखाली बघून पंधराच्या आसपास लिहून ठेवलं होतं. हा फरक साधा नाही. केआय-67 वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2021 मध्ये म्हटलंय की ईआर पॉझिटिव्ह, हर-2 निगेटिव्ह, लवकरच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये 5 आणि त्याखाली किंवा 30 आणि त्यावर असेल तरच या आकड्यावर केमोचं ठरवण्याइतका भरवसा ठेवावा, मधलं सगळं धूसर. म्हणजे एका आकड्याने बाई केमोच्या बाजूला जातात, दुसऱ्याने आकड्यावर काहीच ठरत नाही.

म्हणून प्रत्येक पेशीभोवती काढलेली रेष चालू ठेवून मॅडम आणि मी स्क्रीनवर एकेक भाग बघत गेलो. पहिली गोष्ट, एका कोअरच्या कडेला लिम्फोसाइटचा गच्च पुंजका. त्याही विभागत असतात, त्यांनाही केआय-67 लागतं, तपकिरी दिसतात आणि बारीक असल्याने थोड्या जागेत हजारोंनी मावतात. प्रोग्रॅमला ती फक्त एक तपकिरी पेशी. ट्यूमरची का लिम्फोसाइट हे तो विचारत नाही, विचारायला त्याला कुणी शिकवलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त लबाड. ट्यूमरच्या आतच निळ्या, म्हणजे निगेटिव्ह पेशी बऱ्याच सुटलेल्या. आमचं काउंटरस्टेन फिकं होतं, हिमॅटॉक्सिलिन कमी वेळ दिलेलं, त्यामुळे फिकट निळे न्यूक्लियस मर्यादेच्या खाली राहिले आणि मोजलेच गेले नाहीत. पॉझिटिव्ह तेवढेच, खालची संख्या कमी, टक्केवारी आपोआप वर. गडद तपकिरी डॅब कधीच सुटत नाही, सुटतं ते निळं, म्हणून या प्रकारची चूक नेहमी एकाच दिशेला जाते.

मग मॅडमनी ट्यूमरचा भाग स्वतः आखला, लिम्फोसाइट आणि एक धूसर टोक बाहेर ठेवलं. मी त्याच स्लाइडवरून रंगांचे वेक्टर परत काढले आणि न्यूक्लियस पकडायची मर्यादा थोडी खाली आणली, फिकट निळे पकडले जाईपर्यंत, पण मागचा स्ट्रोमा पेशी म्हणून यायला लागणार नाही इतपतच. उत्तर: 2,910 पेशी, 436 पॉझिटिव्ह, 15 टक्के.

आता कोणी म्हणेल मॅडमचा आकडा येईपर्यंत सेटिंग फिरवलं. ही शंका मलाही आली, म्हणून एका छोट्या चौकोनात मॅडमनी आणि मी वेगवेगळं बसून हाताने 500 पेशी मोजल्या आणि मगच सेटिंग कुलूपबंद केलं. पुढच्या स्लाइडना तेच, केसप्रमाणे बदलायचं नाही. काउंटरस्टेनची बॅच बदलली तरच परत हाताने मोजून तपासायचं. आणि कोणता भाग मोजायचा हे नेहमी मॅडम आखणार, मी नाही.

हिमॅटॉक्सिलिनचा वेळ काकांनी वाढवला. त्यापुढे मर्यादेला हात लावायची वेळ आलेली नाही.

24 जुलै

ज्यासाठी हे सगळं केलं ती केस.

44 वर्षांच्या बाई, गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत संशयास्पद. कोअरमध्ये तंतुमय स्ट्रोमात दाबलेल्या बारीक-बारीक ग्रंथी, कुठे एका रांगेत. मॅडमच्या मनात ट्यूब्युलर कार्सिनोमा की स्क्लेरोझिंग अडिनोसिस. पहिलं कॅन्सर, दुसरं नाही.

आधी जुन्या सवयीने त्यांनी मोबाइलवर आयपीसमधून चार फोटो काढून सरांना पाठवले होते, सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागेचे, साहजिकच. फोटो बघून सर म्हणाले, "यावरून मी कॅन्सर नाही असं म्हणू शकत नाही." मग लिंक पाठवली. ते आणि मॅडम फोनवर, मी स्क्रीन बघत बाजूला.

सरांनी ती वाईट जागा शेवटी बघितली. आधी बराच वेळ अगदी छोट्या झूमवर सगळे कोअर फिरले. म्हणाले, "लोब्यूलचा आकार टिकलाय बघा. मध्ये ग्रंथी दाबलेल्या, कडेला गेलं की उघड्या. चरबीत वेड्यावाकड्या घुसलेल्या कुठे दिसत नाहीत." हे चार फोटोंत कधीच दिसलं नसतं, कारण दाबलेला मधला भागच तेवढा फोटोत होता. पुढे लगेच बजावलं, कोअर एक मिलिमीटर रुंदीचा आहे, रचनेवर मी सही करणार नाही, पी-63 आणि स्मूथ मसल मायोसिन करा. ग्रंथीभोवती मायोएपिथेलियल पेशींचा थर असेल तर ट्यूब्युलर कार्सिनोमा नाही, आणि हे दोन्ही मार्कर तो थर दाखवतात. दोन मागितले कारण त्या पेशी अशा दाबलेल्या ग्रंथीत चपट्या होतात आणि पी-63 तुटक-तुटक येतं, एकाच मार्करवर फसायला होतं.

पी-63 आमच्याकडे होतं, दुसरं बाहेरून करून आणलं, पाच दिवस तिथे गेले. दोन्ही स्कॅन करून त्याच लिंकखाली टाकले. प्रत्येक ग्रंथीभोवती मायोएपिथेलियल थर, कुठे विरळ पण आहे. स्क्लेरोझिंग अडिनोसिस.

रिपोर्ट सोडायच्या आधी सरांनी मॅमोग्राफीचा रिपोर्ट मागितला. तो आमच्याकडे नव्हता. सर्जनकडून मागवायला दीड दिवस गेला. त्यांचं म्हणणं, सुई संशयाच्या जागेतच गेली होती का आणि तिथे जे दिसलं ते या निदानाने समजावता येतं का, हे कळल्याशिवाय "बिनाइन" हा शब्द अर्धाच. मॅमोग्राफीत कॅल्सिफिकेशन होती, स्लाइडवरही अडिनोसिसमध्येच मिळाली, जुळलं. ऑपरेशन टळलं, सर्जनने सहा महिन्यांनी बोलावलंय.

यापुढे लिंक पाठवताना सोबत एक पान जातं: वय, कुठल्या बाजूची गाठ, मॅमोग्राफी-सोनोग्राफीचा रिपोर्ट, किती तुकडे आले, किती स्कॅन झाले, फॉर्मलिनमध्ये किती तास होतं, आणि मॅडमची शंका एका वाक्यात. हे पान नसेल तर मी लिंक चालूच करत नाही.

2 ऑगस्ट

मॅडमची स्क्रीनवरची फेरी संपली. ब्रेस्ट, गर्भाशय, आतडं सगळं नीट जुळलं. जिथे जुळलं नाही त्यात एक पोटाची बायोप्सी, काचेवर एच पायलोरी दिसले होते, स्क्रीनवर नाही. ती स्लाइड 20x ला स्कॅन झालेली. परत 40x ला केली तरी मॅडमना खात्रीने सांगता येईना, एवढ्या बारीक गोष्टीला फोकस वरखाली करून बघावं लागतं आणि आमच्या स्कॅनमध्ये एकच पातळी आहे. वेगवेगळ्या पातळ्यांवर स्कॅन करता येतं पण फाइल तितक्या पट होते. दुसरी एक केस ग्रेडिंगची, मायटोसिस स्क्रीनवर कमी मोजले गेले, तेही त्याच कारणाने, धूसर मायटोसिस आणि मेलेली पेशी सारखीच दिसते.

त्यामुळे ठरलं ते असं. ब्रेस्टचा एच अँड ई आणि आयएचसी स्क्रीनवर. एच पायलोरी, टीबीचे जंतू आणि एफएनएसीचे, म्हणजे सुईने ओढलेल्या पेशींचे, स्मियर (पेशींचे ढीग एकावर एक, कुठल्याच एका पातळीत मावत नाहीत) काचेवरच. मायटोसिसवर ग्रेड बदलत असेल तर त्या भागाचा परत स्कॅन किंवा काच कुरिअरने.

9 ऑगस्ट

खर्चाचं विचारतात म्हणून. भाडं सोडून सगळ्यात जास्त पैसे डिस्क आणि यूपीएसला गेले. लाइट गेली की अर्धवट स्कॅनची फाइल उघडत नाही आणि मशीन परत जागेवर यायला वेळ खातं, तर यूपीएसची काटकसर करू नका. सर्व्हरचं महिन्याचं बिल आमच्या झायलीनच्या बिलापेक्षा कमी आहे. सॉफ्टवेअरला काही लागलं नाही.

रिपोर्टवर सही मॅडमचीच, सरांचं मत त्यांच्या नावाने वेगळ्या पानावर जोडतो. पहिल्या दिवशी सरांनी प्रवासात मोबाइलवर लिंक उघडली होती, पण मत दिलं ते घरी पोचून मोठ्या स्क्रीनवर, आणि तसं पानावर लिहितातही.

एक काम राहिलंय. मत आलेल्या केसेसच्या फाइली सर्व्हरवर पडून आहेत, त्या तीस दिवसांनी आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लिहिलीय पण अजून चालू केलेली नाही, मॅडमना आधी ट्रस्टींकडून लेखी पाहिजे.